टाकी भरूनही पाणी का थांबत नाही?

पहाटे नळाला पाणी येणाऱ्या कुठल्याही वसाहतीतून साडेपाच-सहाच्या सुमाराला फेरी मारली, तर एखाद्या तरी घराच्या भिंतीवरून पाण्याची धार उतरताना दिसते. गच्चीवरची टाकी भरलेली असते, ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पडत असतं आणि घरातली माणसं झोपलेली असतात. टाकीत बॉलकॉक आहे, तो मागच्याच वर्षी बदललाय, प्लंबर दुपारी येऊन बघतो तेव्हा तो व्यवस्थित बंदही होतो. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीच धार.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो. जुना बॉलकॉक काढायचा आणि नवा लावायचा. कधी त्याने भागतं, कधी भागत नाही, आणि का भागलं नाही ते कुणालाच कळत नाही. बॉलकॉक हे चार-पाच भागांचं साधं यंत्र आहे. त्यातला नेमका कुठला भाग बिघडलाय हे टाकीचं झाकण उघडल्यावर पाच मिनिटांत ओळखता येतं. ते ओळखल्याशिवाय नवा कॉक आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे यंत्र कसं चालतं ते बघू. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो पितळी आडवा बॉलकॉक. नळाचं पाणी एका गोल भोकातून टाकीत येतं. त्या भोकाच्या कडेला प्लंबर ‘सीट’ म्हणतात. भोकासमोर एक लहानसा दट्ट्या असतो, त्याच्या तोंडाशी रबराचा वायसर बसवलेला असतो. दट्ट्या पुढे सरकला की वायसर सीटवर दाबला जातो आणि पाणी बंद होतं. दट्ट्याला पुढेमागे करते ती दांडी. ती एका पिनेवर हलते आणि तिच्या लांबच्या टोकाला बॉल असतो. पाणी चढतं तसा बॉल वर येतो, दांडी वर जाते, दट्ट्या पुढे सरकतो.

सगळी गंमत आहे ती दांडीच्या लांबीत. पिनेपासून बॉलपर्यंतचं अंतर साधारण 25 सेंटिमीटर असेल, तर पिनेपासून दट्ट्यापर्यंतचं जेमतेम अडीच. अडकित्त्याच्या लांब मुठीवर थोडा जोर दिला की पात्याखालची टणक सुपारी फुटते, तसंच इथे होतं. बॉलने वर लावलेला जोर दट्ट्यावर पोचेपर्यंत दहापट होतो. समोरून पाणी दट्ट्याला मागे ढकलत असतं. पाण्याचा दाब जेवढा जास्त आणि सीटचं भोक जेवढं मोठं, तेवढा हा उलटा जोर जास्त. बॉलचा दहापट झालेला जोर या उलट्या जोरापेक्षा मोठा ठरला, तरच पाणी थांबतं. बॉलकॉकच्या तक्रारींचं मूळ एक तर या झुंजीत सापडतं, नाही तर वायसर आणि सीट यांच्या मधल्या फटीत.

आधी बॉल हाताने उचला

एका अनुभवी प्लंबरकडून मी शिकलेली पहिली गोष्ट ही. टाकीपाशी गेल्यावर पाना पिशवीतच ठेवायचा. नळाला पाणी चालू असताना झाकण उघडायचं, बॉल मुठीत धरायचा आणि सावकाश वर उचलायचा. पुढे काय होतं ते बघायचं.

बॉल थोडा उचलताच पाणी पूर्ण थांबलं, तर वायसर आणि सीट ठीक आहेत. बिघाड बॉलमध्ये आहे, दांडीत आहे किंवा पाण्याची पातळी चुकीची ठरलेली आहे. बॉल जोराने वर धरूनही तोंडातून बारीक धार किंवा थेंब येतच राहिले, तर दोष वायसर-सीटकडे आहे, किंवा त्यांच्यामध्ये काहीतरी अडकलंय. आणि बॉल उचलताना दांडी अडखळत असेल, सोडल्यावर आपोआप खाली येत नसेल, तर दट्ट्या किंवा पिन क्षाराने जाम झालेली आहे.

ही परीक्षा पाणी चालू असतानाच करायची. पुष्कळ घरांत प्लंबर दुपारी येतो, तेव्हा नळ कोरडा असतो. मग तो दांडी वरखाली करून ‘ठीक आहे’ म्हणतो किंवा थेट नवा कॉक सुचवतो. कोरड्या नळावर बॉलकॉक कधीच गळत नाही.

हाताला जोर किती लावावा लागला याकडेही लक्ष द्या. बोटाच्या टेकूने पाणी थांबलं तर दाब कमी आहे. मूठ आवळून रेटावं लागलं तर दाब जास्त आहे, आणि बॉलला तेवढा जोर जमतोय का हा पुढचा प्रश्न.

आता बॉल फिरवून दांडीवरून काढा. त्याला आटे असतात, तो हाताने सुटतो. कानाजवळ धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर निदान झालं. तांब्याच्या किंवा पितळी बॉलची झाळलेली शिवण सुटते, प्लास्टिकच्या बॉलला उन्हाने शिवणीवर किंवा आट्यांच्या तोंडाशी बारीक तडा जातो. आवाज नाही आला तरी शंका असेल, तर बॉल पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे निघाले तर तो फुटलाय. पाणी शिरलेला बॉल तरंगतो, पण अर्ध्याहून जास्त बुडून, आणि वर उचलण्याचा त्याचा जोर तेवढा घटतो. असा बॉल डांबर किंवा एम-सील लावून पुन्हा वापरू नका. फक्त बॉल दुकानात मिळतो आणि तो स्वस्त असतो. जुना सोबत न्या, म्हणजे आटे जुळतील. मापही जुळवून घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढची हकिकत त्या मापाचीच आहे.

साडेतीन इंच आणि साडेचार इंच

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कॉलनीतलं हे रो-हाउस. डोंगरावर पाणीपुरवठ्याची मोठी टाकी, पहाटे चार ते सात पाणी सोडतात आणि ते पंपाशिवाय थेट गच्चीवरच्या 1000 लिटरच्या काळ्या टाकीत चढतं. कॉक अर्ध्या इंची, पितळी. रोज साडेपाचच्या सुमाराला ओव्हरफ्लो सुरू व्हायचा. घरातल्यांनी कॉक बदलला, काही फरक पडला नाही. एकदा पहाटे कुणीतरी ओव्हरफ्लोखाली दहा लिटरची बादली धरली, ती दोन मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. साडेपाच ते सात या दीड तासात 450 लिटर, टाकीचा जवळपास अर्धा हिस्सा, रोज भिंतीवरून खाली जात होता.

चार वाजता टाकी बघितली तर सगळं सुरळीत. बॉल बोटाने उचलला की पाणी थांबे. साडेपाचला मात्र बॉल पूर्ण पाण्याखाली बुडालेला आणि कॉकच्या तोंडातून धार चालूच. तोच बॉल हाताने जोरात वर रेटला की धार बंद. म्हणजे वायसर चांगला, सीट चांगली, दांडीही मोकळी. कमी पडत होता तो बॉलचा जोर, आणि तोही ठरावीक वेळेनंतरच.

कारण असं. चार वाजता पाणी सुटतं तेव्हा कॉलनीतल्या सगळ्या टाक्या रिकाम्या असतात, सगळीकडे पाणी धावत असतं आणि लाइनीतला बहुतेक दाब त्या धावण्यातच खर्च होतो. गच्चीपर्यंत पोचतो तो अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. मग एकेक टाकी भरत जाते, एकेक बॉलकॉक मिटतो आणि लाइनीतलं पाणी थबकतं. थबकलेल्या पाण्यात उंचीचा सगळा दाब शिल्लक राहतो. दर दहा मीटर उंचीला एक किलो असा ढोबळ हिशोब आहे. डोंगरावरची टाकी या गच्चीपेक्षा सुमारे 25 मीटर उंच, म्हणजे अडीच किलो. चारच्या तुलनेत साडेपाचला दाब पाचपट होता.

आता झुंजीचा हिशोब मांडू. या कॉकच्या सीटचं भोक 12 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरला थोडं कमी, 1.13. अर्ध्या किलोच्या दाबाला पाणी दट्ट्याला साधारण 570 ग्रॅमने मागे ढकलतं. अडीच किलोला तेच 2.8 किलो होतं. समोर उभा होता साडेतीन इंची प्लास्टिकचा बॉल. तो पूर्ण बुडाला तरी सुमारे 370 मिलिलिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे 370 ग्रॅमचा वर उचलणारा जोर. त्यातून बॉलचं आणि दांडीचं वजन म्हणून शंभरेक ग्रॅम वजा करा. उरले 270. दहापट केले की 2.7 किलो. पाण्याचे 2.8 आणि बॉलचे 2.7. पहाटे चारला जिंकणारा बॉल साडेपाचला थोडक्यात हरत होता, आणि हरलेल्या बॉलने कितीही बुडी मारली तरी पाणी थांबणार नव्हतं.

चौकशी केल्यावर कळलं की मूळचा बॉल साडेचार इंची होता. तो फुटल्यावर दुकानात जो मिळाला तो लहान बॉल आणून बसवला, आणि पुढे कॉक बदलतानाही तोच बॉल नव्या दांडीवर गेला. साडेचार इंची बॉल पूर्ण बुडला तर सुमारे 780 मिलिलिटर पाणी सारतो. शंभर वजा जाऊन 680, दहापट 6.8 किलो. व्यासात फक्त एक इंचाचा फरक, जोरात अडीचपटीचा. साडेचार इंची बॉल लावला आणि पहाटेची धार थांबली. बॉल आता अर्ध्याच्या आसपास बुडल्यावरच पाणी बंद होतं.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. मोठा बॉल लावूनही पाणी ज्या पातळीला थांबतं ती पातळी रोज सारखी नसते. कमी दाबाला बॉल थोडा बुडला की पुरतं, जास्त दाबाला तो आणखी बुडावा लागतो, म्हणजे पाणी दोनेक सेंटिमीटर वर चढूनच थांबतं. तुमच्या टाकीत कॉक बंद होण्याची पातळी आणि ओव्हरफ्लोचं तोंड यांत बोटभरच अंतर असेल, तर बॉल, वायसर, सीट सगळं उत्तम असूनही रात्री जास्त दाबाला पाणी बाहेर पडेल.

म्हणून पातळी अशी ठेवायची की पूर्ण दाब असताना पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या किमान एक इंच खाली थांबलं पाहिजे. दाब बदलत असेल तर दोन इंच ठेवा. पितळी दांडी असेल तर ती मधोमध दोन्ही हातांनी धरून बॉलच्या बाजूने किंचित खाली वाकवायची. दांडी वाकवताना कॉकचा जोर पाइपाच्या सांध्यावर येऊ देऊ नका. दांडी काढून वाकवली तर उत्तम. एका झटक्यात फार वाकवू नका. थोडं वाकवा, पाणी भरू द्या, बघा, पुन्हा थोडं. प्लास्टिकच्या कॉकवर दांडी वाकत नाही, तिथे पिनेजवळ एक स्क्रू असतो, तो फिरवून कोन बदलतो. वाकवल्यावर बॉल टाकीच्या भिंतीला, दुसऱ्या पाइपाला किंवा झाकणाच्या कडेला घासत नाही ना, हे हात फिरवून तपासा. घासणारा बॉल वर येता येता अडकतो आणि पाणी चालू राहतं.

मोठा बॉल बसवायला जागाच नसेल तर दुसरी वाट आहे. जास्त दाबासाठीचे कॉक लहान भोकाचे मिळतात. सहा मिलिमीटरच्या भोकावर अडीच किलोच्या दाबाला उलटा जोर 700 ग्रॅमच होतो, लहान बॉलही तो सहज पेलतो. पण त्यातून टाकी सावकाश भरते. ज्यांच्याकडे पाणी तासभरच येतं त्यांनी हा सौदा विचार करून करावा.

अनेक जण टाकीच्या आधीची चावी अर्धी बंद करून ठेवतात, दाब कमी होईल या आशेने. त्याने काही होत नाही. चावी अर्धी मिटली की वाहतं पाणी कमी होतं, हे खरं. पण बॉलकॉक मिटत आला की प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो आणि चावीच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा होतो. अडीच किलो तसाच कॉकवर येऊन ठेपतो. टाकी उशिरा भरते एवढाच फरक.

वायसर, सीट आणि खडा

बॉल जोराने उचलूनही पाणी गळतंय, अशी दुसरी परिस्थिती आता घेऊ. पहिला संशय खड्यावर. पाइपलाइनचं काम झाल्यावर किंवा एखाद-दोन दिवस पाणी बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या पाण्याबरोबर गाळ, गंज आणि बारीक खडी येते. एक लहान खडा वायसर आणि सीट यांच्यामध्ये बसला की कॉक मिटूच शकत नाही. अशा वेळी बॉल पूर्ण खाली दाबून पाणी मिनिटभर जोरात सोडा, मग बॉल सोडून द्या. बऱ्याचदा खडा वाहून जातो.

नाही गेला तर कॉक उघडावा लागतो. लाइनची चावी बंद करा आणि बॉल खाली दाबून उरलेलं पाणी सोडून द्या. दांडी ज्या पिनेवर हलते त्या पिनेचे दोन पाय पक्कडीने सरळ करून ती ओढून काढा. दांडी सुटते. पुढचं टोपण असेल तर ते फिरवून काढा, दट्ट्या बाहेर सरकतो. या सगळ्या वेळात टाकीच्या तोंडावर जुनं कापड किंवा परात आडवी धरा, कारण पिन टाकीच्या तळाला गेली की ती काढणं ही वेगळीच कटकट होते.

दट्ट्याचं टोक दोन भागांचं असतं. पुढचा भाग पक्कडीने धरून फिरवला की सुटतो आणि आतला वायसर निघतो. त्यावर सीटच्या कडेचा गोल खोलगट वण उमटलेला असेल, किंवा रबर कडक होऊन नखाने दबत नसेल, तर वायसर बदला. दुकान बंद असेल तर तोच वायसर उलटा करून बसवा, दुसरी बाजू सपाट असेल तर काही दिवस भागतं. नवा वायसर जुन्याच मापाचा घ्या. जाड वायसर घातला तर दट्ट्या पूर्ण मागे सरकत नाही आणि पाणीच कमी येतं.

दट्ट्या हातात असतानाच सीट बघून घ्या. भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. कड गुळगुळीत असेल तर ठीक. एखाद्या जागी ओरखडा किंवा खाच लागत असेल, तर तिथून पाणी निघणारच. नव्या वायसरने ते फार दिवस थांबणार नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं गळत राहिलेल्या कॉकमध्ये पाण्याची बारीक धारच पितळ कोरत जाते. सीट अशी खराब झाली असेल तर पूर्ण कॉक बदला. मी कॉक बदलायचा सल्ला देतो तो एक तर या कारणासाठी, नाही तर कॉकचं अंग तडकलेलं असेल किंवा आटे झिजलेले असतील तेव्हा.

बोअरच्या जड पाण्यात तिसरा त्रास होतो. दट्ट्यावर आणि पिनेवर क्षाराचा पांढरा थर चढतो आणि दांडी वर गेली तरी दट्ट्या सरकत नाही. काढलेले भाग व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन बसवा. फरशी धुण्याचं ॲसिड पिण्याच्या पाण्याच्या टाकीत किंवा कॉकवर वापरू नका. ते पितळही खातं आणि पाण्यातही उतरतं.

नवा कॉक बसवताना

आता बदलायचाच ठरला तर. नळाला पाणी नसण्याची वेळ निवडा आणि तरीही लाइनची चावी बंद करा. टाकीतली पातळी कॉकच्या बरीच खाली असू द्या. हाताशी दोन पाने, पक्कड, टेफ्लॉन टेप आणि एक बादली हवी. गच्चीवरची टाकी उंच चौथऱ्यावर असेल तर शिडी धरायला खाली दुसरं माणूस हवंच. सिमेंटची बंदिस्त टाकी असेल तर एकट्याने आत उतरू नका. तोंडातून हात पोचेल एवढंच काम करा.

प्लास्टिकच्या टाकीत कॉकची आट्यांची नळी भिंतीच्या भोकातून बाहेर येते आणि आत-बाहेर चेकनट आणि रबरी वायसर लावून घट्ट केलेली असते. काढताना दोन पाने लागतात ते यासाठीच. एका पान्याने कॉकचं अंग आतून धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने बाहेरची जोडणी सोडवायची. आतून न धरता बाहेरून जोर लावला तर कॉक टाकीच्या भिंतीसकट पिळवटतो आणि भोकाला चीर जाते. जुन्या जीआय पाइपाचा सांधा गंजला असेल तर तो पाइपही आटे मोडून हातात येऊ शकतो. तिथे घरच्या घरी हट्ट करू नका, प्लंबर बोलवा.

जुना कॉक निघाला की नवा लगेच लावायची घाई नको. लाइनच्या मोकळ्या तोंडाखाली बादली धरा आणि चावी क्षणभर उघडून पाणी सोडा. सांधा हलवताना सुटलेला गंज, टेपचे तुकडे, वाळू बादलीत येईल. हे केलं नाही तर तोच कचरा पहिल्याच दिवशी नव्या वायसरखाली जाऊन बसतो, आणि ‘नवा कॉकही गळतोय’ ही तक्रार तिथून सुरू होते.

मग आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे, ताणून. उलटे गुंडाळले तर जोडणी आवळताना टेप सुटून गोळा होते. चेकनट आधी हाताने जेवढं बसेल तेवढं बसवा आणि पुढे पान्याने अर्धा वेढा. प्लास्टिकच्या जोडणीला त्याहून जास्त आवळलं की ती तडकते, आणि तो तडा लगेच दिसत नाही. कॉक अगदी आडवा बसला पाहिजे. तो एका बाजूला कलला तर दांडी तिरपी चालते आणि दट्ट्याची एकच बाजू झिजते.

कॉकचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वरच असावं, पाण्यात बुडलेलं नसावं. पाणी पडण्याचा आवाज नको म्हणून काही जण तोंडाला नळी जोडून ती टाकीच्या तळापर्यंत सोडतात. नळाचं पाणी बंद झाल्यावर रिकामी होणारी लाइन त्या नळीतून टाकीतलं पाणी उलटं ओढून घेऊ शकते, आणि ते पाणी मग दुसऱ्यांच्या नळाला जातं.

दुकानात कॉक घेताना पाइपाचं माप, आयएसआय खूण आणि वजन बघा. हलक्या मिश्रधातूचा कॉक पितळेसारखा चकाकतो, पण हातात घेतला की कळतो. लाइनचा दाब सांगून घ्या आणि बॉल कॉकच्या मापालाच साजेसा मागा. बसवून झाल्यावर टाकी भरू द्या, पाणी थांबलं की पातळीला पेन्सिलीने खूण करा आणि पाणी चालू असतानाच तासाभराने पुन्हा बघा. पातळी खुणेवरून हलली नसेल तर काम झालं. शक्य असेल तर हे बघणं पाणी सुटण्याच्या शेवटच्या तासात करा, कारण तेव्हाच लाइनीत सर्वांत जास्त दाब असतो.

पंपाच्या लाइनीवर बॉलकॉक नको

हे सगळं सांगितलं ते आपोआप येणाऱ्या पाण्याबद्दल. खालच्या टाकीतून पंपाने वर पाणी चढवत असाल तर गोष्ट निराळी. वरच्या टाकीत पंपाच्या लाइनीवर बॉलकॉक बसवला आणि तो मिटला, तर पंपाला ते कळत नाही. तो बंद तोंडावर पाणी रेटत राहतो. पाणी पंपातच घुसळून तापतं, सील जातं, आणि पाइपाचा एखादा कमजोर सांधा असेल तर तो सुटतो. तिथे पाण्याची पातळी ओळखून पंप बंद करणारा फ्लोट स्विच किंवा लेव्हल कंट्रोलर हवा, आणि त्याची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. बॉलकॉकची खरी जागा म्हणजे नळाच्या लाइनीवरची गच्चीची टाकी, नळाचं पाणी साठवणारी खालची टाकी, आणि एका टाकीतून दुसरीत आपसूक पाणी जातं तिथली जोडणी.

आणखी एक विनंती. भिंत खराब होते म्हणून आजकाल ओव्हरफ्लोचा पाइप गुपचूप सांडपाण्याच्या लाइनीला जोडून टाकतात. मग कॉक महिनोन् महिने गळला तरी बाहेर थेंबही दिसत नाही, शिवाय सांडपाण्याचा वास आणि किडे टाकीपर्यंत चढायला वाट मिळते. तुमच्या टाकीचा ओव्हरफ्लो असा जोडलेला असेल तर तो सोडवून घ्या, तोंडाला बारीक जाळी लावा आणि जिथे पाणी पडलेलं घरातल्या माणसाला जाता-येता दिसेल अशाच जागी त्याचं तोंड काढा.